कुटुंबाच्या गरजेसाठी भाडेकरूला घर रिकामे करण्याची विनंती कशी करावी

भाड्याने दिलेले घर स्वतःच्या माणसांसाठी परत हवे असते, तेव्हा बहुतेक घरमालकांना भाडेकरूला दुखवायचे नसते, आणि नेमक्या त्याच भिडेपोटी ते पहिली चूक करून बसतात. ते म्हणतात, ‘घाई काही नाही, पण सवडीने दुसरीकडे बघून ठेवा.’ हे वाक्य आमच्याही घरातून गेले होते. माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले होते, आम्ही राहतो ते घर दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही, आणि आमचे दुसरे घर तळमजल्यावर असून ते चार वर्षांपासून एका कुटुंबाला भाड्याने दिलेले. नोव्हेंबरमध्ये माझे यजमान भाडेकरूंना वाटेत भेटले आणि ‘बाबांसाठी पुढेमागे घर लागेल बहुतेक, सवडीने बघा’ एवढे बोलून आले. भाडेकरूंनी ते ऐकले, मान डोलावली, आणि डिसेंबरमध्ये स्वतःच्या खर्चाने स्वयंपाकघरात ओट्याखाली कपाटे करून घेतली. त्यांचे काही चुकले नव्हते, कारण ज्या बोलण्यात तारीख नाही त्यावरून कोणी संसार हलवत नाही. पुढे त्या कपाटांचा हिशोब आम्हाला करावा लागला, तो भाग नंतर येईलच.

त्या अनुभवातून मला जे कळले त्यावर हा लेख उभा आहे. भाडेकरूच्या दृष्टीने सौजन्य म्हणजे शब्दांचा मऊपणा कमी आणि पक्की तारीख, खरे कारण व हातात पुरेसा वेळ जास्त. पुढे जे लिहिले आहे ते सारे या तीन गोष्टी कशा द्यायच्या याविषयी आहे.

आधी आपल्या घरात ठरवा

भाडेकरूशी एक शब्दही बोलण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : त्या घरात नेमके कोण राहायला जाणार, कोणत्या तारखेच्या सुमारास जाणार, आणि ही गरज बदलण्याची शक्यता किती. शेवटचा प्रश्न टाळला जातो, पण तोच महत्त्वाचा आहे. मुलगी परत येण्याचे अजून तिच्या नोकरीवर अवलंबून असेल, किंवा आईच स्वतःचे घर सोडायला तयार नसेल, तर विनंती थोडी थांबवावी. भाडेकरूने नव्या घराची अनामत भरल्यानंतर ‘आमचा बेत रद्द झाला, राहा हवे तर’ असे सांगणे हा त्याच्यावर मोठा अन्याय असतो. घर दोघातिघांच्या मालकीचे असेल तर प्रत्येकाची संमती आधी घ्यावी, आणि पत्रावर सर्वांच्या सह्या असाव्यात.

तारीख ठरवताना राहायला जाण्याच्या दिवसापासून मागे मोजत यावे. आमच्या बाबतीत सासऱ्यांना जुलैच्या सुरुवातीला तिथे न्यायचे होते. न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवणे, उंबरठा काढणे आणि रंगकाम यांना तीन आठवडे लागणार होते. म्हणजे घर ३१ मेला हातात आले असते तर आठवडाभर जास्तीचा उरत होता. ही थोडी सैल जागा ठेवणे आवश्यक आहे, कारण भाडेकरूला चारआठ दिवस जास्त लागले तर ते देण्याची सोय आपल्याकडे हवी. मालकाची स्वतःची तारीखच तंग असली की पुढे आवाज चढतात.

करारनामा पुन्हा वाचा आणि दिवस मोजा

करारात चार गोष्टी शोधाव्यात : मुदत कधी संपते, मुदतीच्या आत मालकाला घर मागता येते का, सूचना किती दिवसांची द्यायची, आणि ती कोणत्या मार्गाने द्यायची. ठरावीक मुदतीचा करार चालू असेल आणि त्यात मालकाला मध्येच घर मागण्याचा हक्क दिलेला नसेल, तर साधारणपणे मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. तोवर मालक विनंती करू शकतो, हक्काने मागू शकत नाही, आणि पत्राची भाषाही तशीच असायला हवी.

दिवस मोजताना एक चूक सर्रास होते. ‘दोन महिन्यांची सूचना’ म्हणजे पत्र लिहिल्यापासून साठ दिवस असे धरले जाते. मुळात मोजणी पत्र भाडेकरूच्या हाती पडल्यापासून सुरू होते, आणि भाडे महिन्याच्या हिशोबाने असेल तर पुष्कळ करारांत ‘पूर्ण महिने’ धरतात. आमचे पत्र १० फेब्रुवारीला पोहोचले, म्हणून मार्च आणि एप्रिल हे दोन पूर्ण महिने होऊन लवकरात लवकर ३० एप्रिल ही तारीख निघत होती. पण आमच्या कराराची मुदत ३१ मेला संपत होती आणि त्यांच्या मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये होती, म्हणून आम्ही ३१ मे हीच तारीख धरली. करारातील सूचनेची मुदत ही किमान मर्यादा समजावी. शाळेत जाणारे मूल, आजारी माणूस किंवा गर्भवती स्त्री घरात असेल तर त्याच्या दुप्पट वेळ देता येतो का ते पाहावे.

कायदा ठिकाणागणिक फार बदलतो, त्यामुळे घर जिथे आहे तिथला नियम वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा. फरक किती असतो हे दोनतीन उदाहरणांवरून कळेल. जर्मनीत मालकाच्या स्वतःच्या गरजेसाठी घर मागताना कारण लेखी द्यावे लागते, आणि भाडेकरू पाच वर्षांपर्यंत राहिलेला असेल तर तीन महिने, त्यापुढे सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ महिने मुदत द्यावी लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात याच कारणासाठी किमान ६० दिवसांची सूचना लागते, आणि येणाऱ्या कुटुंबीयाचा तिथे किमान एक वर्ष राहण्याचा खरा हेतू असावा लागतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूकडून घर मागायचे तर गरज वाजवी आणि प्रामाणिक असल्याचे न्यायालयाला पटवावे लागते, आणि जास्त अडचण कोणाची होणार हेही तिथे तोलले जाते. लिव्ह अँड लायसन्स कराराची वाट मात्र वेगळी असते, तिथे मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नियम कोणताही असो, ‘गरज खरी आहे का’ हा प्रश्न सगळीकडे मध्यभागी असतो.

पहिली भेट

पत्र आधी पाठवू नये. दारात आलेले अनपेक्षित पत्र कितीही सभ्य असले तरी ते वाचणाऱ्याला नोटीसच वाटते. फोन करून वेळ ठरवावी, आणि फोनवरच ‘घराविषयी एक महत्त्वाचे बोलायचे आहे, तुम्ही दोघेही असाल तेव्हा येतो’ एवढे सांगावे, म्हणजे ते मनाची थोडी तयारी करून बसतात. सणासुदीचा दिवस, त्यांच्याकडे पाहुणे असतानाची वेळ आणि भाडे घेण्याचा दिवस टाळावा.

भेटीत मुख्य गोष्ट पहिल्या दोन मिनिटांत सांगावी. पंधरा मिनिटे इकडचेतिकडचे बोलून शेवटी मुद्द्यावर येणे समोरच्याला फसवल्यासारखे वाटते. आम्ही जे बोललो ते जवळपास असे होते : ‘आम्हाला तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. बाबांना आता जिने चढणे जमत नाही, म्हणून त्यांना या घरात आणायचे आम्ही ठरवले आहे. कराराची मुदत ३१ मेला संपते, त्यानंतर आम्हाला करार वाढवता येणार नाही. तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, चार वर्षे तुम्ही घर नीट सांभाळलेत. नोव्हेंबरमध्ये आम्ही हे अर्धवट बोललो, ती आमची चूक झाली.’

एवढे बोलून थांबावे. समोरून नाराजी येईल, कदाचित राग येईल, आणि तो लगेच शमवण्याच्या नादात ‘बघू, थोडे पुढेमागे करू’ असे शब्द निघतात. ते आवरावेत, कारण त्या एका वाक्याने तारीख पुन्हा धूसर होते. त्याच दिवशी होकारही मागू नये. ‘तुम्ही घरात बोला, काय अडचणी येतील त्या सांगा, आठवड्याने पुन्हा भेटू’ असे म्हणून उठावे.

आमच्या भेटीत भाडेकरू ताई बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मग ओट्याखालच्या कपाटांचे काय?’ त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्याकडून सुताराचे बिल मागून घेतले आणि त्यातील अर्धी रक्कम देण्याचे कबूल केले, कपाटे तिथेच राहतील या अटीवर. भाडेकरूने घरावर केलेला खर्च हा अशा वेळी हमखास निघणारा विषय आहे, तेव्हा भेटीला जाण्यापूर्वीच त्याचा विचार करून ठेवावा.

पत्र

भेटीनंतर चारआठ दिवसांत लेखी पत्र द्यावे. त्यात घराचा पत्ता, कराराची तारीख, कारण एका वाक्यात, घर रिकामे करण्याची तारीख, अनामत परत देण्याची पद्धत आणि दिलेल्या सवलती एवढेच असावे. आम्ही दिलेल्या पत्राचा मसुदा असा होता :

> दिनांक : १० फेब्रुवारी
>
> प्रति, श्री. व सौ. …… यांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण …… या पत्त्यावरील आमच्या घरात दि. …… च्या करारान्वये राहत आहात. आमचे वडील वार्धक्यामुळे जिना चढू शकत नसल्याने त्यांच्या कायम निवासासाठी आम्हाला या घराची गरज आहे. त्यामुळे कराराची मुदत दि. ३१ मे रोजी संपल्यानंतर तिचे नूतनीकरण करणे आम्हाला शक्य होणार नाही. आपण त्या दिवशी सायंकाळपर्यंत घर रिकामे करून ताबा द्यावा, अशी आपल्याला नम्र विनंती आहे.
>
> आपल्याला त्याआधी दुसरे घर मिळाल्यास १५ दिवस आधी कळवून आपण केव्हाही जाऊ शकता, आणि भाडे ताबा देण्याच्या दिवसापर्यंतचेच घेतले जाईल. नव्या घराचा करार झाल्यावर अनामत रकमेतील निम्मी रक्कम आम्ही आपल्याला आगाऊ परत करू, आणि उरलेली रक्कम थकीत देयके वजा करून ताब्याच्या दिवशी देऊ. स्वयंपाकघरातील कपाटांच्या खर्चापैकी ठरलेली निम्मी रक्कमही त्याच दिवशी दिली जाईल.
>
> नव्या घरमालकांसाठी आपल्याला शिफारसपत्र हवे असल्यास आम्ही ते आनंदाने देऊ.
>
> आपले,
> (सर्व मालकांच्या सह्या)

या पत्रात काय नाही याकडेही लक्ष द्यावे. सासऱ्यांच्या आजाराचा तपशील नाही, कारण एक खरे वाक्य पुरेसे असते आणि लांबलचक खुलासा उलट संशय निर्माण करतो. जुन्या तक्रारीही नाहीत. दोनदा भाडे उशिरा आले, गच्चीवर आवाज झाला, अशी वाक्ये या पत्रात घातली की कारण खोटे वाटू लागते, आणि प्रकरण पुढे गेलेच तर तेच पत्र मालकाच्या विरोधात वाचले जाते. भाडेवाढीचा उल्लेखही याच कारणासाठी टाळावा. जो मालक महिन्यापूर्वी जास्त भाडे मागत होता आणि आता आईसाठी घर मागतो, त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्र दोन प्रतींत करून एका प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी. सही घ्यायला संकोच वाटत असेल तर तेच पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवावे आणि तसे त्यांना आधी सांगावे. मोबाइलवर पाठवलेला निरोप आठवणीसाठी ठीक आहे, पण करारात तो मार्ग लिहिलेला नसेल तर त्यावर विसंबू नये.

काय द्यावे आणि काय देऊ नये

भाडेकरूची सर्वांत मोठी अडचण बहुधा पैशांची असते. नव्या घराची अनामत आधी भरावी लागते आणि जुनी अनामत घर सोडल्यावरच मिळते, म्हणून मधल्या काळात दोन्ही रकमा एकदम गुंतून पडतात. निम्मी अनामत आगाऊ देण्याचा उपयोग इथे होतो. ती देण्यापूर्वी दोघांनी मिळून घर एकदा पाहून घ्यावे, तुटफूट असेल तर लिहून ठेवावी आणि रकमेची पावती घ्यावी. सगळी अनामत मात्र आगाऊ देऊ नये, कारण विजेचे शेवटचे देयक आणि नुकसानीची भरपाई यांसाठी हाती दुसरे काही उरत नाही.

लवकर जाण्याची मोकळीक ही दुसरी उपयोगी सवलत. चांगले घर एप्रिलमध्येच मिळाले आणि मेचे भाडे मात्र दोन्हीकडे भरावे लागणार असेल, तर भाडेकरू ते घर सोडून देतो आणि ३१ मे उजाडला तरी शोधतच राहतो. त्याला लवकर जाऊ देण्यात मालकाचे एखाद्या महिन्याचे भाडे जाते, पण घर वेळेत हाती येते.

तारखेशिवाय मुदतवाढ मात्र कधीही देऊ नये. आमच्या भाडेकरूंना मिळालेले घर १० जूनला मोकळे होणार होते, म्हणून त्यांनी दहा दिवस मागितले. आमच्याकडे आठवडाभराची सैल जागा होती आणि रंगकाम थोडे आटोपते घेता येत होते, म्हणून आम्ही ते दिले, पण चार ओळींच्या कागदावर : ‘विनंतीवरून दि. १० जूनपर्यंत राहण्यास संमती देत आहोत. ही तात्पुरती मुदतवाढ असून हा नवा करार नाही. या दहा दिवसांचा मोबदला चालू भाड्याच्या प्रमाणात घेतला जाईल.’ हा कागद महत्त्वाचा आहे. मुदत संपल्यावर मालक नेहमीच्या पावतीवर पूर्ण महिन्याचे भाडे घेत राहिला तर अनेक ठिकाणी त्याचा अर्थ करार पुढे चालू ठेवायला त्याने संमती दिली असा लावला जाऊ शकतो.

मधल्या काळात मालकाचे वागणे पूर्वीसारखेच असावे. नळ गळत असेल तर दुरुस्त करून द्यावा, मापे घ्यायला सुताराला न्यायचे असेल तर आदल्या दिवशी विचारावे, आणि ‘घर मिळाले का’ असा फोन दर दोन दिवसांनी करू नये. महिन्यातून एकदा विचारणे पुरेसे असते. आपल्या ओळखीत एखादे घर रिकामे असल्याचे कळले तर जरूर सांगावे, मात्र ते बघायला जाण्याचा आग्रह धरू नये.

नकार आला तर

‘आम्ही जाणार नाही’ असे उत्तर आले तर त्यामागचे कारण आधी शोधावे. पुष्कळदा तो नकार नसतो. मुलाची शाळा, जवळपास न मिळणारे घर किंवा अनामतीची रक्कम यांपैकी काहीतरी अडलेले असते, आणि ते कळले की तारखेत किंवा पैशांत मार्ग निघतो. दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर एकदा बसल्यानेही पुष्कळ गोष्टी सुटतात. कारण सांगितलेच जात नसेल, भेटी टाळल्या जात असतील आणि तारीख उलटून गेली असेल, तर वकिलामार्फत रीतसर नोटीस देऊन कायद्याच्या मार्गाने जावे. त्या मार्गाला वेळ लागतो, आणि म्हणूनच सुरुवातीचे पत्र, पोच आणि मुदतवाढीचा कागद जपून ठेवलेला असावा.

पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, रात्री दार वाजवणे यांपैकी काहीही करू नये. गरज कितीही खरी असली तरी अशा वागण्याने मालकच दोषी ठरतो, आणि घर मिळणे आणखी लांबते.

घर हाती आल्यावर ते ज्या कारणासाठी मागितले त्याच कारणासाठी वापरावे. ते महिन्याभरात जास्त भाड्याने दुसऱ्याला दिले तर जुना भाडेकरू फसवणुकीचा दावा करू शकतो, आणि काही देशांत त्याबद्दल भरपाई द्यावी लागते. येणारी व्यक्ती दरम्यान वारली किंवा तिचा बेत खरोखर बदलला, तर भाडेकरू अजून गेलेला नसल्यास त्याला ताबडतोब कळवावे आणि राहायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

ताब्याचा दिवस

सामान निघाल्यावर रिकाम्या घरात दोघांनी मिळून एक फेरी मारावी. करारासोबत घरातील वस्तूंची यादी असेल तर ती हातात घ्यावी, नसेल तर खोलीगणिक छायाचित्रे काढावीत. वीज आणि पाण्याच्या मीटरवरील आकडे दोघांसमोर लिहावेत, शेवटचे देयक अंदाजे काढून तेवढीच रक्कम अडकवून ठेवावी आणि देयक आल्यावर फरक चुकता करावा. खिळ्यांची भोके, उन्हाने उडालेला रंग, झिजलेली कडी हा राहण्याचा स्वाभाविक परिणाम आहे, त्याचे पैसे कापू नयेत. फुटलेली काच किंवा उखडलेली फरशी कापता येते, पण बिल दाखवून. आम्ही १० जूनला दुपारी चाव्या मोजून घेतल्या, त्यात गच्चीच्या दाराची एक कमी निघाली आणि ती ताईंच्या जुन्या पर्समध्ये सापडली. उरलेली अनामत आणि कपाटांची निम्मी रक्कम तिथेच दिली, आणि ‘ताबा मिळाला, परस्परांचे काही देणे नाही, वीजदेयकातील फरक वगळून’ अशा एका ओळीखाली दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

एक गोष्ट लोक विसरतात. बँक, विमा आणि शाळेची पत्रे त्यानंतरही काही महिने जुन्या पत्त्यावर येत राहतात, तेव्हा भाडेकरूचा नवा पत्ता त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावा आणि पत्र आले की फोन करावा.